पिन दिसला तरी फोन आणि कार्ड माझ्याकडेच आहे, मग काय बिघडतं?

प्रश्न : मी सुरतला कामाला आहे, महिन्यातून एकदोनदा ताप्ती लाइनच्या गाडीने अमळनेरला घरी येतो. डब्यात पाय ठेवायला जागा नसते आणि चहापासून सगळे पैसे फोनवरूनच देतो. मागे उभ्या माणसाला पिन दिसत असणार, पण फोन तर माझ्याच हातात आहे ना? वडीलही बाजाराच्या दिवशी एटीएमवर जातात. ते म्हणतात, कार्ड माझ्या खिशात, पिन कळून कोण काय करणार? खरंच काही होऊ शकतं का? आणि कोणत्या सवयी लावून घ्याव्यात?

उत्तर :

तुमच्या वडिलांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. नुसत्या पिनने पैसे निघत नाहीत. यूपीआय तुमच्या हँडसेटला आणि सिमच्या नंबरला बांधलेलं असतं, दुसऱ्या फोनवर तुमचा यूपीआय पिन टाकून काहीच होत नाही. एटीएमलाही कार्ड लागतं. पण पिन बघणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो बघून थांबत नाही. मी बँकेत बरीच वर्षं कार्डाच्या आणि पुढे यूपीआयच्या तक्रारी हाताळल्या, आणि त्यांत क्रम बहुतेक वेळा एकच दिसला : आधी पिन बघितला, मग वस्तू गेली. वस्तू आधी चोरून मग पिन शोधत बसणारे थोडे. पिन न बघता उचललेला फोन चोराला फक्त हँडसेटचे पैसे देतो. पिन बघून उचललेला फोन त्याला खातं देतो. म्हणून गर्दीत कोणाचा फोन उचलायचा हे पिन दिसल्यावरच ठरतं. तुमचा पिन दिसला की तुम्ही त्या डब्यातल्या इतर शंभर जणांपेक्षा जास्त कामाचे झालात.

आता, नेमकं दिसतं काय? लोकांना वाटतं की पडद्यावर गोल ठिपके येतात म्हणजे पिन झाकला गेला. बघणारा ठिपके बघतच नाही, तो अंगठा बघतो. आकड्यांची मांडणी सगळीकडे एकच असते : वर १-२-३, खाली ४-५-६, मग ७-८-९, आणि तळाला ०. अंगठा वर गेला, मधे आला, पुन्हा खाली गेला, एवढं कळलं तरी पुष्कळ. पडद्यावरचे आकडे वाचता न येणाऱ्या अंतरावरूनही अंगठ्याचा रस्ता दिसतो. त्यामुळे २५८० असा सरळ खाली उतरणारा किंवा १४७० असा एका कडेने जाणारा पिन लांबूनही वाचला जातो. ११२२ सारखा, एका जागी दोनदा टेकवायचा पिनही तसाच.

रेल्वेच्या डब्यात सगळ्यात चांगली जागा मागे उभ्या माणसाची नसते. ती असते वरच्या बर्थवरच्या माणसाची. खाली बसलेला प्रवासी फोन मांडीवर धरतो, पडदा आभाळाकडे तोंड करून, आणि वर पालथा झोपलेल्याला तो पाटीसारखा स्पष्ट दिसतो. दुसरी जागा खिडकीच्या काचेची. अंधार पडला आणि आत दिवे लागले की बंद काच आरसा होते. नवापूरच्या पुढे रात्री गाडीत बसलात तर एकदा स्वतःच काचेत आपल्या फोनकडे बघा. प्रतिबिंब उलटं दिसतं, पण अंगठा कुठे टेकला हे कळायला तेवढं पुरतं.

पूर्ण पिन नाही दिसला तरी धोका संपत नाही, हे थोड्या हिशेबाने सांगतो. चार अंकी पिनच्या १०,००० शक्यता असतात. चारही वेगळे आकडे कळले पण क्रम कळला नाही, तर उरतात फक्त २४. पहिले तीन आकडे क्रमाने दिसले आणि शेवटचा हुकला, तर उरतात १०. साधारणपणे तीनदा चुकल्यावर कार्ड तात्पुरतं बंद होतं, पण दहापैकी तीन संधी म्हणजे ३० टक्के. तो हुकलेला आकडा जन्मसालाचा शेवटचा असेल, तर तेवढाही अंदाज लावावा लागत नाही. फोनचा पॅटर्न तर याहून कच्चा. अमेरिकेतल्या नौदल अकादमीच्या संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना फोन उघडतानाचे व्हिडिओ दाखवले आणि काय टाकलं ते ओळखायला सांगितलं. एकदाच बघून सहा अंकी पिन सुमारे ११ टक्के वेळा ओळखता आला, आणि सहा ठिपक्यांचा पॅटर्न सुमारे ६४ टक्के वेळा. रेघ ओढलेली डोळ्यात राहते, आकडे राहत नाहीत. तुमच्या फोनला अजून पॅटर्न असेल तर या उत्तरातली पहिली कृती तीच करा : तो काढा आणि सहा अंकी पिन लावा.

आता तुमच्या प्रवासाचंच उदाहरण घेऊन बघू. समजा, तुमच्यासारखाच एक मुलगा संध्याकाळी उधन्याला चढला. व्याऱ्याच्या आसपास चहावाला आला. मुलाने फोन काढला. बोट घामेजलेलं होतं, दोनदा टेकवलं, लागलं नाही, म्हणून त्याने स्क्रीनचा पिन टाकला. क्यूआर कोड स्कॅन केला, दहा रुपये भरले, यूपीआयचा पिन टाकला. दोन्ही पिन एका मिनिटाच्या आत, एकाच अंगठ्याने, एकाच माणसासमोर. पुढे भेळवाला आला तेव्हा तेच. मधे तीनदा व्हॉट्सअ‍ॅप बघायला फोन उघडला. समोर बसलेल्याला एकदा पाहून न कळलेला आकडा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कळला. पिन चोरायला त्याला घाई नाही, तो नंदुरबारपर्यंत सोबतच आहे.

नंदुरबारच्या अलीकडे मुलाला डुलकी लागली. फोन शर्टाच्या खिशात. जाग आली दोंडाईच्याला, तेव्हा खिसा रिकामा. एव्हाना चोर नंदुरबारला उतरून गेलेला. त्याने फोन उघडला. पेमेंटचं अ‍ॅप कुलूप मागतं, पण बऱ्याच अ‍ॅपमध्ये ते कुलूप म्हणजे फोनचंच स्क्रीन लॉक असतं, तेव्हा तेही उघडलं. यूपीआय पिन त्याने पाहिलेलाच होता. पुढे काय, तर ओळखीच्या दुकानात पैसे टाकून रोख घ्यायची, किंवा दुसऱ्याच कोणाच्या भाड्याने घेतलेल्या खात्यात रक्कम पाठवायची. यूपीआयमध्ये एका वेळी एक लाखापर्यंत जाऊ शकतात.

समजा, यूपीआय पिन त्याला दिसलाच नव्हता, फक्त स्क्रीनचा दिसला होता. लोकांना इथे वाटतं की वाचलो. पण ‘यूपीआय पिन विसरलात?’ असं बटण प्रत्येक अ‍ॅपमध्ये असतं. नवा पिन करायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो. काही बँका कार्डाचा पिनही मागतात, सगळ्या मागत नाहीत. ओटीपी तर त्याच फोनवर येणार. आणि कार्ड? ते बहुतेक तरुणांच्या फोनच्या मागच्या कव्हरमध्येच सरकवलेलं असतं. म्हणजे एका खिशातून त्याने फोन, सिम, ओटीपी आणि कार्ड, चारही गोष्टी एकदम नेल्या. कव्हरमध्ये नसेल तर गॅलरीत कार्डाचा फोटो सापडतो. आधारवरूनही यूपीआय पिन बदलता येतो, त्यामुळे गॅलरीतला आधारचा फोटोही तितकाच घातक. म्हणून माझं मत असं की यूपीआय पिनपेक्षा स्क्रीनचा पिन जास्त जपायचा असतो. लोक बरोबर उलटं करतात : पैसे देताना हात आडवा धरतात आणि फोन उघडताना सगळ्या डब्यादेखत उघडतात. दोन्ही पिन एकच ठेवले असतील, तर एक झाकण्यालाही अर्थ उरत नाही.

ही साखळी कुठे तोडायची? कार्ड फोनच्या कव्हरमधून आजच बाहेर काढा आणि दुसऱ्या खिशात ठेवा. गॅलरीतले कार्ड-आधारचे फोटो पुसा, आणि ‘ट्रॅश’मधूनही पुसा, नाहीतर ते तिथे आणखी महिनाभर पडून राहतात. स्क्रीनचा आणि यूपीआयचा पिन वेगळा करा.

त्यानंतरची सवय म्हणजे गर्दीत पिन टाकण्याची वेळच येऊ द्यायची नाही. स्क्रीनसाठी बोटाचा ठसा वापरा. ज्यांचे हात शेतात, कारखान्यात किंवा लूमवर झिजलेले असतात त्यांचा ठसा लागत नाही आणि शेवटी ते पिनवरच येतात. त्यावर उपाय आहे. त्याच बोटाचा ठसा दोनदा नोंदवा, एकदा धुतलेल्या कोरड्या बोटाचा आणि एकदा कामावरून आल्यावरचा. शिवाय डाव्या हाताचं एक बोट नोंदवून ठेवा, ते कमी झिजतं. फोन बंद करून सुरू केला की ठसा चालत नाही, पिनच लागतो. म्हणून बॅटरी संपून डब्यात फोन बंद पडू देऊ नका, निघतानाच चार्ज करून निघा. गाडीतल्या चार्जिंग पॉइंटला फोन लावून झोपणं तर नकोच.

चहा-भेळीसाठी यूपीआय लाइट सुरू करा. यात खात्यातून थोडे पैसे आधी लाइटमध्ये घ्यायचे असतात, मग छोट्या व्यवहाराला पिन लागतच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने याची मर्यादा वाढवली : एका वेळी १,००० रुपये, आणि लाइटमध्ये एकूण ५,०००. प्रवासाला निघताना घरी बसून त्यात पाचशे-हजार टाकले की गाडीत पुढचा सगळा खर्च बिनपिनचा होतो. तोटा एवढाच की उघडा फोन चोराच्या हाती लागला तर लाइटमधले पैसे जातील. पण ते पाचशे-हजार जातील, खातं जाणार नाही, आणि हा सौदा मला नेहमीच परवडणारा वाटतो. शिवाय यूपीआय पिन बघायची संधीच त्या प्रवासात कोणाला मिळत नाही.

पिन टाकावाच लागला तर फोन छातीशी आणा, पडदा आपल्याकडे वळवा, पाठ भिंतीकडे किंवा बाथरूमच्या पार्टिशनकडे करा. वरच्या बर्थकडे एकदा मान वर करून बघा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पडदा झाकणाऱ्या काळपट काचा मिळतात, त्यांनी बाजूने बसलेल्याला दिसत नाही हे खरं, पण बरोबर मागे उभ्या राहिलेल्याला आणि वरून बघणाऱ्याला बरंचसं दिसतंच. अंगठ्याची हालचाल तर त्यांनी कुठूनच झाकली जात नाही. त्यांवर पैसे घातलेत तर हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. फोन आयफोन असेल तर जानेवारी २०२४ पासून त्यात ‘Stolen Device Protection’ आहे. घराबाहेर असताना महत्त्वाच्या गोष्टी बदलायला नुसता पासकोड चालत नाही, चेहरा किंवा ठसा लागतो. पासकोड बघून फोन पळवण्याचे प्रकार वाढले म्हणूनच ही सोय आली. नव्या अँड्रॉइड फोनमध्येही सेटिंगमध्ये ‘Theft protection’ शोधा आणि जे मिळेल ते सुरू करून ठेवा.

दुकानांचं थोडक्यात सांगतो. तिथे माणसापेक्षा दोन गोष्टींकडे लक्ष द्या : गल्ल्यावरचा कॅमेरा आणि मोठ्याने विचारलेला पिन. गल्ल्यावर लक्ष राहावं म्हणून दुकानदार कॅमेरा बरोबर काउंटरच्या डोक्यावर लावतो. त्याचा हेतू चांगला असतो, पण तुमच्या पिनचं रेकॉर्डिंग होतं आणि ते कोण बघतं ते तुम्हाला माहीत नसतं. मशीन उचलून अंगाजवळ घ्या, ते हातात घेण्यासाठीच बनवलेलं असतं. दुसरं, कापडाच्या दुकानात, पेट्रोल पंपावर मशीन लांब असलं की पोरगा ओरडून विचारतो, ‘काका, पिन सांगा!’ आणि काका सांगतात. अशा वेळी डोळ्यांची गरजच नाही, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातं. ‘मशीन इकडे आण’ एवढंच म्हणायचं. वायफायसारखं चिन्ह असलेलं कार्ड ५,००० रुपयांपर्यंत नुसतं टेकवून चालतं, पिन लागत नाही, म्हणून गर्दीच्या दुकानात तसं टेकवणं बरं. कार्ड हरवलं तर तेच टेकवणं चोरालाही जमतं, तेव्हा बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्याची मर्यादा हजार-दोन हजारांवर आणून ठेवा.

आता वडिलांचं. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे बरेच पैसे या मार्गाने जातात आणि ते बहुधा जातात वयस्क माणसांचे.

समजा, कापसाचे १,८६,००० रुपये खात्यावर जमा झाले. बाजाराचा दिवस, एटीएमची खोली एवढीशी, आत चार-पाच माणसं. बाबा पिन टाकतात, एकेक आकडा शोधून, तर्जनीने, सावकाश. मागच्याला पिन दिसायला यापेक्षा सोपं काही नसतं. पैसे निघाले नाहीत, किंवा पडद्यावर काय लिहिलंय ते कळलं नाही, म्हणून ते गोंधळतात. कधीकधी हा गोंधळ मुद्दाम घडवलेला असतो, मशीनचं एखादं बटण आधीच चिकटवून ठेवलेलं असतं. मागून आपल्याच बोलीत आवाज येतो, ‘काय व्हयनं बाबा? आना, मी काढी देस.’ अहिराणी ऐकली की माणूस विश्वास टाकतो. तो कार्ड घेतो, घालतो, काढतो, ‘मशीनमा पैसा नही शे’ असं सांगून कार्ड परत देतो. फक्त परत दिलेलं कार्ड बाबांचं नसतं. त्याच बँकेचं, त्याच रंगाचं, दुसऱ्या कोणाचं तरी आधीच बंद झालेलं कार्ड असतं. बाबा ते पिशवीत टाकून बाजारात जातात.

पुढे हिशेब बघा. कार्डाची दिवसाची मर्यादा ४०,००० धरू. चोर दुपारीच सगळे काढत बसत नाही. रात्री पावणेबाराला दहा-दहा हजारांच्या चार खेपांत ४०,००० काढतो. बाराच्या ठोक्याला तारीख बदलते, मर्यादा नव्याने सुरू होते, आणि सव्वाबारापर्यंत आणखी ४०,००० निघतात. अर्ध्या तासात ८०,०००. खरेदीची मर्यादा वेगळी असते, म्हणून सकाळी कार्ड एखाद्या दुकानात चालवलं जातं, पिन माहीतच आहे. घरी हे कळतं दोन दिवसांनी, बाबा पुन्हा एटीएमवर जातात आणि मशीन ते कार्ड घेत नाही तेव्हा. मेसेज आलेले असतात, पण इंग्रजीत, आणि फोन रात्री उशाला बंद.

हीच मर्यादा दिवसाला ५,००० असती तर त्या रात्री ८०,००० ऐवजी १०,००० गेले असते. ही मर्यादा स्वतः ठरवण्याची आणि कार्ड चालू-बंद करण्याची सोय देणं रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये सगळ्या बँकांना बंधनकारक केलं. अ‍ॅपमध्ये ‘Manage card’ किंवा तशा नावाखाली ती मिळते. वडिलांकडे अ‍ॅप नसेल तर शाखेत अर्ज देऊन करून घ्या. ऑनलाइन आणि परदेशी वापर पूर्ण बंद ठेवा. स्टेट बँकेच्या एटीएममधून त्यांच्याच कार्डावर १०,००० किंवा जास्त काढताना ओटीपी लागतो, ती एक चांगली आडकाठी आहे. पण ती दुसऱ्या बँकेच्या मशीनवर लागू होत नाही, आणि ९,५०० काढणाऱ्यालाही ती अडवत नाही.

मी घरच्यांना यापुढे जाऊन एक सुचवतो. पिकाचे पैसे ज्या खात्यावर येतात त्याचं कार्डच घेऊ नका, किंवा ते बंद करून कपाटात ठेवा. बाजारहाटासाठी दुसरं साधं खातं, त्यात चार-पाच हजार, आणि त्याचं कार्ड बाबांच्या खिशात. मोठी रक्कम लागली तर विड्रॉल स्लिप भरून काउंटरवरून. वेळ जातो, पण मोठी रक्कम वर्षातून किती वेळा लागते?

एटीएमवर त्यांना फार सूचना देऊ नका, दोनच शिकवा, पण प्रत्यक्ष मशीनसमोर उभं करून शिकवा. पहिली, झाकण्याची. डाव्या हाताची चार बोटं जुळवून कीपॅडवर छप्परासारखी, वरच्या ओळीपासून खालच्या शून्यापर्यंत, आणि उजवा हात त्याखाली. अर्धवट झाकून भागत नाही. इटलीतल्या पादुआ विद्यापीठातल्या संशोधकांनी हाताने झाकून टाकलेल्या पिनचे व्हिडिओ संगणकाला दिले, तेव्हा त्याने चार अंकी पिन तीन प्रयत्नांत ४१ टक्के वेळा ओळखला. बाहेर राहिलेला तळहात आणि मनगट जे हलतं त्यावरून. छुपा कॅमेरा बसवणारी टोळी आणि बाजारातला माणूस यात फरक आहे, पण झाकायचंच तर पूर्ण झाका. खोलीत जास्त माणसं असतील तर ‘जरा बाहेर थांबा’ म्हणायला शिकवा. वयस्क माणसाने असं म्हटलं तर कोणी वाईट मानत नाही.

दुसरी, कार्डाची. आपलं कार्ड दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, गणवेशातल्या माणसाच्याही नाही. अडलं की ‘रद्द’चं लाल बटण दाबायचं, पडद्यावर पहिलं स्वागताचं पान येईपर्यंत थांबायचं आणि निघायचं. पुढच्या वेळी बघू. इंग्रजी नाव वाचता येत नसेल तर कार्डाच्या एका कोपऱ्यावर पक्क्या मार्करने खूण करून द्या, चिप आणि मागची काळी पट्टी सोडून. स्टिकर लावू नका, तो मशीनमध्ये अडकतो. कार्ड हातात आलं की खूण बघायची, मगच पिशवीत. ही एक खूण कार्डाची अदलाबदल जागच्या जागी उघडी पाडते, चोर अजून दारातच असताना. आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर असा ठेवा की ज्यावरचा मेसेज कोणीतरी वाचतं. घरात तुम्हीच वाचणारे असाल तर वडिलांच्या संमतीने मेसेज तुमच्याकडेही येतील अशी व्यवस्था शाखेत विचारून करा.

कोणी बघितलं अशी नुसती शंका आली तरी पिन बदला. यूपीआय पिन अ‍ॅपमधून घरी बसून दोन मिनिटांत बदलतो. कार्डाचा अ‍ॅपमधून किंवा आपल्या बँकेच्या एटीएमवर. बदललेला पिन जुन्याचाच शेवटचा आकडा वाढवून केलेला नसावा.

वस्तू गेलीच, तर वेळ हीच सगळी लढाई आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे गाडीत फोन गेला तर स्टेशन येण्याची वाट बघू नका, शेजारच्याचा फोन मागा. आधी बँकेचा टोल फ्री नंबर आणि कार्ड-यूपीआय बंद, मग १९३० ही सायबर हेल्पलाइन, मग सिम बंद. बँकेचा नंबर पाठ नसतो, म्हणून तो कागदावर लिहून पाकिटात ठेवा, फोनमध्ये ठेवून त्या वेळी उपयोग नाही. प्रत्येक ठिकाणी तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या. नंतर cybercrime.gov.in वर आणि लोहमार्ग पोलिसांकडे लेखी तक्रार करा.

बँक बहुधा म्हणेल, पिन बरोबर पडलाय म्हणजे तुम्हीच कोणाला तरी सांगितलात. तिथे घाबरून गप्प बसू नका. पिन सांगणं आणि कोणी चोरून बघणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे. त्यासाठी पुरावा हातात हवा. एटीएममधलं प्रकरण असेल तर पहिल्याच दिवशी शाखेला लेखी अर्ज द्या : अमुक एटीएम, अमुक तारीख, अमुक वेळ, या वेळेचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा. पैसे जिथून निघाले त्या मशीनचंही मागा. हे चित्रण काही काळाने आपोआप पुसलं जातं, म्हणून तोंडी आश्वासनावर थांबू नका, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. आणि बदलून हातात आलेलं ते परकं कार्ड रागाने कापून टाकू नका. ते पाकिटात घालून पोलिसांकडे द्या. त्यावरच्या नावावरून आधीचा फसवला गेलेला माणूस सापडतो, आणि दोन तक्रारी जुळल्या की तपास पुढे सरकतो.